एका दाराचा हिशेब



आजचा विषय ठरला तेव्हा व्याख्यानमालेच्या संयोजकांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला थेट विचारलं, "व्हिडिओ गेम म्हणजे मुलं खेळतात तेच ना? त्याला पाच-सहा वर्षं आणि हजार-दीड हजार कोटी रुपये कशाला लागतात? एवढा पैसा जातो कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज मी फक्त त्याचंच उत्तर देणार आहे आणि तेही एकाच गेमच्या आधारानं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा तो गेम. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथला 'नॉटी डॉग' हा स्टुडिओ, त्याची मालक सोनी कंपनी. १९ जून २०२० रोजी हा गेम प्लेस्टेशन ४ साठी बाजारात आला.

हाच गेम का? कारण त्याचा आकडा आपल्याला माहीत आहे. एरवी या धंद्यात खर्चाचा आकडा कुणी बाहेर पडू देत नाही. पण २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनला विकत घेत होती, त्यावरून अमेरिकेत खटला उभा राहिला आणि सोनीला काही कागद कोर्टात द्यावे लागले. गोपनीय आकड्यांवर कुणीतरी काळं मार्कर पेन फिरवलं. कागद स्कॅन झाले आणि पेनाच्या शाईखालची अक्षरं वाचता येऊ लागली! इतक्या तंत्रकुशल कंपनीचं गुपित फुटलं ते एका पेनामुळे. तर त्या कागदांनुसार या गेमच्या निर्मितीचा खर्च होता सुमारे २२ कोटी डॉलर. २०२० च्या दरानं सुमारे साडेसोळाशे कोटी रुपये. काम ऐन भरात असताना पूर्णवेळ माणसं होती सुमारे २००.

आता साधं गणित करू. काम २०१४ मध्ये सुरू झालं, संपलं २०२० च्या मध्यावर. म्हणजे साधारण सहा वर्षं, ७२ महिने. २२ कोटीला ७२ नं भागा. महिन्याला सरासरी ३० लाख डॉलर येतात. या धंद्यातली मंडळी अंदाजपत्रक करताना एका माणसामागे महिना १० ते १५ हजार डॉलर धरतात. त्यात पगार आला, विमा आला, कचेरीचं भाडं, संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने, सगळं आलं. २०० माणसं गुणिले १५ हजार किती? ३० लाख! आकडा जवळपास जुळला. अर्थात सहाही वर्षं २०० माणसं नव्हती. २०१६ पर्यंत स्टुडिओतले बरेच जण 'अनचार्टेड ४' या दुसऱ्या गेमवर होते. जो फरक राहतो त्यात नट, ध्वनिमुद्रण, संगीत आणि बाहेरच्या स्टुडिओंना दिलेलं काम बसतं.

म्हणजे पैसा जातो कुठे? यंत्रात जात नाही, झगमगाटात जात नाही. पैसा जातो पगारात. माणसं गुणिले महिने, एवढंच सूत्र आहे. म्हणून खर्च का, हा खरा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न आहे, वेळ का?

त्यासाठी मी तुम्हाला एका दारापाशी नेतो. राजवाड्याचं नव्हे, साधं खोलीचं दार. या गेमच्या दोन सह-दिग्दर्शकांपैकी एक कर्ट मार्गेनाऊ. त्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे लिहिलं की या गेममध्ये नीट जमायला सर्वाधिक वेळ ज्या गोष्टींना लागला, त्यांतली एक म्हणजे लढाईच्या वेळी उघडता-मिटता येणारी दारं. भूकंप नव्हे, घोडा नव्हे, पाऊस नव्हे. दार! त्याआधी, २०१४ मध्ये, लिझ इंग्लंड या डिझायनर बाईंनीही आपलं काम लोकांना समजावून सांगायला दाराचंच उदाहरण घेतलं होतं. या क्षेत्रात ते आता प्रसिद्ध आहे. तेव्हा आपणही दारातूनच आत जाऊ.

पहिला माणूस डिझायनर. पुष्कळांना वाटतं, डिझायनर म्हणजे चित्रं काढणारा. तसं नाही. डिझायनर नियम ठरवतो. या गेममध्ये एली नावाची तरुणी उद्ध्वस्त सिअ‍ॅटल शहरात शत्रूंपासून लपत, लढत फिरते. खेळाचा गाभा असा की पकडले गेलात तर पळा, नजरेआड व्हा, पुन्हा लपा. पळणाऱ्या माणसाला दार हवंच. दाराआड गेलं की शत्रूची नजर तुटते. म्हणून डिझायनर म्हणतो, दारं हवीत. पण मागोमाग प्रश्न उभे राहतात. दार कोण उघडू शकतं, फक्त खेळणारा की शत्रूसुद्धा? आणि पळताना खेळणाऱ्यानं ते मागे ओढून घ्यायचं कसं? त्याला थांबवून, वळवून, कडीला हात लावायला लावलं तर तो तिथंच मारला जाईल. मग दार आपोआप मिटू दे? चालेल. पण शांत वेळी, घरं धुंडाळताना, प्रत्येक दार आपलं आपण मिटायला लागलं तर ते भुताटकीसारखं वाटेल. शेवटी तोडगा असा निघाला की लढाई सुरू असेल तेव्हा दार मागे आपोआप मिटतं आणि एरवी उघडं राहतं. खेळणाऱ्याला हा भेद जाणवतसुद्धा नाही. ऐकायला एक वाक्य आहे. पण ते कागदावर सुचत नाही; करून, खेळून, फसून मगच सुचतं. आणि करायला दुसरी माणसं लागतात.

ती माणसं म्हणजे प्रोग्रॅमर. त्यांच्यातही जाती आहेत. शत्रूची बुद्धी लिहिणारा प्रोग्रॅमर म्हणतो, शत्रूंना चालायला जमिनीचा एक अदृश्य नकाशा असतो. कुठून जाता येतं, कुठून नाही, हे त्यांना त्यावरून कळतं. दार मिटलं की तो नकाशा बदलला. शत्रू वळसा घालणार की दार उघडणार? दोन शत्रू एकाच वेळी दारात आले तर? या गेममध्ये वासावरून माग काढणारे कुत्रे आहेत. कुत्रा दार कसा उघडेल? दाराआडचा आवाज शत्रूला किती ऐकू जायचा? भौतिकीचा प्रोग्रॅमर म्हणतो, दार माणसाला ढकलतं आणि माणूस दाराला ढकलतो. दोघांत प्रेत पडलेलं असेल तर कोण हटणार? चित्र पडद्यावर उमटवणाऱ्या इंजिनवर काम करणाऱ्याची तक्रार आणखी वेगळी. प्लेस्टेशन ४ वर हा गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवतो. म्हणजे एका चित्रासाठी यंत्राला मिळतात ३३ मिलिसेकंद. मिटलेल्या दारामागची खोली काढावीच लागत नाही, तेवढं काम वाचतं. पण दार उघडलं की त्याच ३३ मिलिसेकंदांत ती खोलीही काढायची, तिच्यातला शत्रूही काढायचा. जमलं नाही तर चित्र अडखळतं.

आता कलाकारांकडे या. दाराची आकृती, रंग, उडालेला पोपडा, गंजलेली बिजागरी हे पर्यावरण-कलाकाराचं काम. प्रकाशयोजनाकाराला दार आवडत नाही. खोलीतला बराचसा उजेड आधीच हिशेब करून भिंतींवर, जमिनीवर जणू रंगवून ठेवलेला असतो, म्हणजे यंत्रावरचा ताण कमी होतो. पण हलत्या दाराचा उजेड असा आधी रंगवून ठेवता येत नाही. उघडं असताना वेगळा, मिटलेलं असताना वेगळा, आणि अर्धवट असताना? अ‍ॅनिमेटरला एलीचा हात कडीपर्यंत न्यायचा असतो. चालताना वेगळा, धावताना खांद्यानं धक्का, हातात बंदूक असताना आणखी वेगळा. यातल्या महत्त्वाच्या हालचाली खऱ्या नटांच्या अंगावर खुणा चिकटवून टिपतात. एलीचं काम अ‍ॅशली जॉन्सन यांनी केलं. आवाजही त्यांचा आणि अभिनयही त्यांचा. पण टिपलेली हालचाल जशीच्या तशी चालत नाही. सेटवरचं दार आणि गेममधलं दार एका उंचीचं नसतं, म्हणून अ‍ॅनिमेटर ती हातानं दुरुस्त करत बसतो. ध्वनिकाराला लाकडी दार, लोखंडी दार, हळू उघडलेलं, धाडकन आपटलेलं, सगळ्यांचे आवाज हवेत. लेखक म्हणतो, इथे दार नकोच, कारण माझ्या प्रसंगात एलीला पलीकडचं दिसायला हवं. झालं! बाकीच्यांचं काम पाण्यात.

आणखी एक मंडळी, ज्यांची नावं आपण घेत नाही. ज्या खेळणाऱ्याला दिसत नाही, त्याला दार कुठे आहे हे कसं कळणार? या गेममध्ये अपंग खेळणाऱ्यांसाठी ६० हून अधिक सोयी होत्या. पडदा न पाहता, आवाजाच्या खुणांवर वाट काढता यावी, इथपर्यंत. प्रत्येक सोय प्रत्येक दाराशी जुळली पाहिजे. मला स्वतःला हे या गेममधलं सर्वांत मोलाचं काम वाटतं, आणि जाहिरातीत ते सर्वांत कमी दिसतं.

मंडळी, मी एका दाराबद्दल बोलतोय. आणि दहा खात्यांची माणसं जमली! मूळ दुखणं हेच आहे. या कामात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीला लागून असते. दाराची रुंदी बदलली की कुत्र्याची वाट बदलते, हाताची हालचाल बदलते, उजेड बदलतो. पूल बांधताना नकाशा पक्का होतो आणि मग काम निघतं. गेममध्ये नकाशा पक्का करायला गेमच बांधावा लागतो, कारण खेळताना मजा येते की नाही, हे खेळल्याशिवाय जगात कुणालाही कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मग २०० च्या जागी ४०० माणसं लावा, तीन वर्षांत संपवा. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञानं १९७५ मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर जास्त माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचा वेळ जातो, आणि एकमेकांशी बोलायच्या जोड्या माणसांपेक्षा फार वेगानं वाढतात.

म्हणून शहाणे स्टुडिओ सुरुवातीला मोजकीच माणसं ठेवतात. हा पूर्वतयारीचा काळ. यात प्रत्येक जागा आधी राखाडी ठोकळ्यांनी उभी करतात. भिंत म्हणजे ठोकळा, दार म्हणजे ठोकळा. नॉटी डॉगमध्ये याला ब्लॉकमेश म्हणतात. ठोकळा पाडायला काही लागत नाही, सजवलेली खोली पाडायला महिने जातात. मग गेमचा छोटासा तुकडा, दहा-पंधरा मिनिटांचा, अगदी शेवटच्या दर्जाचा करून पाहतात. एवढ्या तुकड्याला किती माणसं आणि किती आठवडे लागले, त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. तो तुकडा जमल्यावरच फौज बोलवायची. हे न करता फौज आधी आली, तर २०० माणसांना पगार चालू आणि दार कसं उघडायचं ते ठरलेलं नाही, अशी अवस्था येते. मोठे गेम बुडतात ते बहुधा इथेच.

आणि इतकं करूनही टाकून द्यावं लागतं. या गेमचा पहिला विचार मोकळ्या जगाचा होता. खेळणाऱ्यानं हवं तिकडे फिरावं, 'ब्लडबोर्न' या जपानी गेमच्या धर्तीवर. काही काळ त्यावर काम झालं. मग लक्षात आलं की त्यांना सांगायची गोष्ट अशा रचनेत ताण धरत नाही. सोडून दिलं. कथेचा शेवटसुद्धा वाटेत बदलला. काय बदलला ते सांगत नाही, सभागृहात कुणी खेळायचं राहिलं असेल. पुढे जानेवारी २०२४ मध्ये या गेमची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात स्टुडिओनं गाळलेले तीन टप्पे अर्धवट अवस्थेतच खेळायला ठेवले. ते जरूर पाहा. कुठे आवाज नाही, कुठे उजेड कच्चा, पण अनेक माणसांचे महिने त्यात गेलेले स्पष्ट दिसतात. २२ कोटी डॉलरमध्ये असे न दिसलेले टप्पेही धरलेले आहेत.

आता परीक्षकांबद्दल, म्हणजे टेस्टरबद्दल बोलतो, कारण त्यांच्याविषयी गैरसमज फार. आमच्याकडे मुलं म्हणतात, दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो, काय मजा! अहो, मजा कसली? एकच दार चालत उघडायचं, धावत उघडायचं, दोन्ही बाजूंनी उघडायचं, उघडताना गेम थांबवायचा, सेव्ह करायचा, पुन्हा सुरू करायचा. समजा, कुत्रा दारात असताना सेव्ह केलं आणि परत आल्यावर कुत्रा भिंतीत अडकला. मग टेस्टरनं लिहायचं, कुठे घडलं, कोणत्या क्रमानं केलं, दहापैकी किती वेळा घडलं. "कुत्रा अडकतो" एवढं लिहिलं तर प्रोग्रॅमर ती नोंद परत पाठवतो. प्रोग्रॅमर दुरुस्ती करतो, दुसऱ्या दिवशी गेमची नवी प्रत तयार होते, आणि त्या दुरुस्तीनं दुसरंच काही मोडलेलं असतं. शेवटचं वर्ष बहुतेक याच चक्रात जातं. त्यानंतर यंत्र बनवणाऱ्या कंपनीची वेगळी तपासणी. खेळता खेळता कंट्रोलरची जोडणी तुटली तर गेम नीट थांबतो का, असल्या नियमांची ती लांबच लांब परीक्षा असते.

मघाशी मी दहा खाती म्हणालो. त्यांना बांधून ठेवणारा माणूस मी मुद्दाम मागे ठेवला. तो म्हणजे प्रोड्यूसर. सिनेमातला निर्माता पैसे आणतो. गेममधला प्रोड्यूसर मुख्यतः क्रम लावतो. दार आधी की कुत्रा आधी? अ‍ॅनिमेटर कुणाच्या वाटेत थांबला आहे? आणि सर्वांत अप्रिय काम म्हणजे हे काम वेळेत बसत नाही, गाळा, असं दिग्दर्शकाच्या तोंडावर सांगणं. आता गंमत ऐका. नॉटी डॉगमध्ये वर्षानुवर्षं असा प्रोड्यूसर नव्हताच! प्रत्येकानं स्वतःच स्वतःचा प्रोड्यूसर व्हावं, अशी तिथली परंपरा. वीस-तीस माणसांच्या स्टुडिओत ही परंपरा शोभून दिसते. सगळे एका खोलीत असतात, हाक मारली की काम होतं. २०० जणांत काय होणार?

सप्टेंबर २०१९ मध्ये स्टुडिओनं तारीख जाहीर केली, २१ फेब्रुवारी २०२०. एक महिनाच झाला असेल, तारीख २९ मे वर गेली. मग कोविड आला आणि अखेर १९ जून. मार्च २०२० मध्ये अमेरिकन पत्रकार जेसन श्रायर यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोलून लेख लिहिला. रात्र-रात्र काम, शनिवार-रविवार काम, थकून सोडून गेलेली अनुभवी माणसं, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्यांना तिथल्या पद्धती शिकवण्यात गेलेला वेळ, असं चित्र त्यात आलं. म्हणजे पाहा, जादा काम करून वेळ वाचवायला जावं, तर माणसं जातात आणि वेळ आणखी लागतो. या धंद्यात या जादा कामाला क्रंच म्हणतात. काहींना त्याचा अभिमानही वाटतो. मला त्यात अभिमानासारखं काही दिसत नाही. बिघडलेल्या अंदाजपत्रकाची वसुली कर्मचाऱ्यांच्या झोपेतून केलेली आहे, एवढंच. पुढे त्या स्टुडिओनं प्रोड्यूसरांचं खातं उभं केलं.

आपल्या घराजवळचंही एक उदाहरण सांगतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. पुण्यातला २००८ पासून. बाहेर ठरलेल्या मोठ्या गेमचे भाग करून देण्यात त्यांची वर्षं गेली. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा जुना गाजलेला गेम पुणे-मुंबईचे स्टुडिओ नव्यानं करणार, आणि तो जानेवारी २०२१ मध्ये येणार. आपल्याकडे आनंद झाला. पण पहिली झलक पाहून चाहत्यांनी चित्रांच्या दर्जावर टीका केली. तारीख मार्चवर गेली, मग तारीखच राहिली नाही, आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. लोक म्हणाले, आपल्याला जमत नाही. मी तसं म्हणणार नाही. दार रंगवता येणं आणि दार असावं की नसावं हे ठरवता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपल्याकडे उत्तम होतं. दुसऱ्याचा सराव मोठे गेम स्वतः अथपासून इतिपर्यंत केल्यानंच येतो, आणि ती संधी इथल्या माणसांना फार उशिरा आणि फार थोडी मिळाली.

आता शेवटचं गणित, म्हणजे एवढा खर्च परत कसा येतो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ची किंमत होती ६० डॉलर. दुकान, मग ते डिजिटल का असेना, साधारण ३० टक्के ठेवून घेतं. उरले ४२. २२ कोटीला ४२ नं भागलं तर सुमारे ५२ लाख प्रती. जाहिरातीचा खर्च बाजूला ठेवून, फक्त मुद्दल निघायला एवढ्या प्रती खपायला हव्यात. सोनीचं दुकान स्वतःचंच, म्हणून तिला थोडं सोपं. दुसऱ्या कुणावर हा भार पुरता पडतो. या गेमच्या पहिल्या तीन दिवसांतच ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण असं सगळ्यांचं होत नाही. सोनीचाच 'कॉन्कॉर्ड' हा गेम अनेक वर्षं खपून केलेला. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि खेळणारेच मिळेनात म्हणून दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. ज्या वर्षी काम सुरू होतं त्या वर्षीची आवड सहा वर्षांनी टिकेल, असा हा जुगार आहे. म्हणूनच कंपन्या गाजलेल्या नावाचा दुसरा, तिसरा, चौथा भाग काढत राहतात. त्यांच्यावर कल्पनादारिद्र्याचा आरोप होतो. मला त्यात कल्पनेपेक्षा भीती जास्त दिसते.

आणि नॉटी डॉग? डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी आपला पुढचा नवा गेम, 'इंटरगॅलॅक्टिक', जाहीर केला. २०२० पासून त्यावर काम चालू असल्याचं सांगितलं. तारीख मात्र या वेळी सांगितली नाही. माझ्या मते ते शहाणपणाचं केलं.